भूकंपाच्या सूचनांची स्लाइड: बुलेट काढून चित्रं टाकली, पण कोणी समजावून सांगायला नसेल तर ती कळेल का?

नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्यातल्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांत जमीन हलायला लागली. धुंदलवाडी आणि आसपासच्या गावांमध्ये लहान लहान धक्के पुन्हा पुन्हा बसत राहिले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. त्या दिवशी घराबाहेर पळताना पडून एका दोन वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला. लोक घराबाहेर झोपू लागले, प्रशासनाने तंबू दिले.

अशा वेळी गावागावांत, आश्रमशाळांत, अंगणवाड्यांत 'भूकंप आला तर काय करायचं' हे सांगावं लागतं. ते सांगण्याचं नेहमीचं साधन म्हणजे प्रोजेक्टरवरची स्लाइड, आणि त्या स्लाइडवर बहुतेक वेळा असतात बुलेट, म्हणजे एकाखाली एक ठिपके देऊन लिहिलेल्या सूचना.

सभेत कोणीतरी उभं राहून समजावून सांगत असतं, तोवर ही यादी चालते. पण सभा संपल्यावर तीच स्लाइड फोटो किंवा पीडीएफ होऊन व्हॉट्सॲपवर फिरते आणि शाळेच्या भिंतीवर चिकटवली जाते. तिथे बोलणारं कोणी नसतं. म्हणूनच बुलेटच्या जागी चित्रं आणि आकृत्या टाकाव्यात, असं सांगितलं जातं. सल्ला बरोबर आहे, पण नुसतं चित्र टाकल्याने अर्थ आपोआप कळत नाही. कधी कधी तो यादीपेक्षाही जास्त बिघडतो. हे कसं होतं आणि कसं टाळायचं, ते एकाच स्लाइडवर करून पाहू.

यादीत नेमकं काय हरवतं?

नमुन्यादाखल ही स्लाइड घ्या. अशा सूचना तुम्ही कुठे ना कुठे वाचल्या असतीलच.

भूकंपाच्या वेळी घ्यायची काळजी
• घाबरू नका, शांत राहा
• सुरक्षित जागी आश्रय घ्या
• काच, कपाट, जड वस्तूंपासून दूर राहा
• वीज आणि गॅस बंद करा
• मोकळ्या मैदानात जा
• अफवांवर विश्वास ठेवू नका

प्रत्येक ओळ एकेकटी वाचली तर त्यात चूक काही नाही. आता समजा, ही स्लाइड तुमच्या मोबाइलवर आली आहे आणि समजावणारं कोणी नाही. दुसरी ओळ सांगते आश्रय घ्या, पाचवी सांगते मैदानात जा. यातलं आधी काय करायचं? चौथी ओळ वाचून जमीन हलत असतानाच कोणी गॅसच्या शेगडीकडे धावलं तर?

सभेत बोलणारा माणूस म्हणतो, "हादरा थांबल्यावर मैदानात जायचं बरं का, आधी नाही." हे 'थांबल्यावर' स्लाइडवर कुठेच नाही, ते फक्त त्याच्या तोंडी आहे. आणि डहाणूत सगळ्यात महत्त्वाचा शब्द हाच आहे, कारण हलत असतानाचं पळणंच धोक्याचं ठरतं.

बुलेटचा दोष हा आहे. यादीतल्या सगळ्या ओळी सारख्या दिसतात. कोणती गोष्ट आधी, कोणती नंतर, कोणती फक्त शाळेत, कोणती फक्त घरात, हा ओळींमधला संबंध ठिपका दाखवत नाही. तो संबंध बोलणारा पुरवतो, आणि बोलणारा गेला की तोही जातो.

आधी ओळी वेगळ्या करा, मग चित्राचा विचार करा

सगळ्यात जास्त दिसणारी चूक अशी: यादी तशीच ठेवायची आणि प्रत्येक ठिपक्याच्या जागी एक आयकॉन लावायचा. 'शांत राहा'समोर हसरा चेहरा, 'गॅस बंद करा'समोर सिलिंडर, 'मैदान'समोर झाड. स्लाइड रंगीत होते, पण ओळींमधला संबंध अजूनही दिसत नाही. यादी होती ती यादीच राहिली.

म्हणून चित्र शोधण्याआधी कागद घ्या आणि प्रत्येक ओळीला तीन प्रश्न विचारा: हे कोणी करायचं, कुठे असताना करायचं आणि केव्हा करायचं?

'सुरक्षित जागी आश्रय घ्या' ही ओळ इथेच अडते. सुरक्षित जागा म्हणजे कोणती? वाक्यात ही अस्पष्टता खपून जाते, चित्रात खपत नाही. चित्र काढायला बसलं की माणूस कशाखाली किंवा कशाजवळ दाखवायचा, हे ठरवावंच लागतं. जी सूचना चित्रात काढता येत नाही, ती बहुतेक वेळा शब्दांतही नीट सांगितलेली नसते.

'घाबरू नका' या ओळीचं काय? ती कृती नाही. माणसाने हातपाय हलवून काय करायचं, हे ती सांगत नाही. ती काढून टाकता येते. 'अफवांवर विश्वास ठेवू नका' याचंही चांगलं चित्र होत नाही. तिच्याकडे नंतर येऊ.

उरलेल्या चार ओळी वेळेप्रमाणे लावल्या की दोन गट पडतात. जमीन हलत असताना: खाली बसणं, डोकं झाकणं, जड वस्तूंपासून लांब राहणं. हलणं थांबल्यावर: वीज-गॅस बंद करणं, बाहेर मोकळ्या जागी येणं. तिसरा गट यादीत नव्हताच, पण तो लागतो. तो म्हणजे 'आजच करायची कामं', उदाहरणार्थ माळ्यावरची जड भांडी खाली उतरवून ठेवणं. एका स्लाइडच्या तीन स्लाइड झाल्या, आणि त्यात काही बिघडत नाही. स्लाइडला कागदाचा खर्च नसतो.

मथळा म्हणजे विषय नव्हे, पूर्ण वाक्य

जुन्या स्लाइडचा मथळा होता 'भूकंपाच्या वेळी घ्यायची काळजी'. तो विषय सांगतो, काय करायचं ते सांगत नाही. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातले मायकेल ॲली यांनी स्लाइड बनवण्याची एक पद्धत मांडली आहे. वर एक पूर्ण वाक्य, जे त्या स्लाइडचं म्हणणं सांगतं, आणि खाली त्या वाक्याला आधार देणारं चित्र किंवा आकृती. बुलेट नाहीत.

आपल्या पहिल्या स्लाइडवर हे वाक्य येईल: 'जमीन हलत असताना खाली बसा आणि डोकं झाका.' दुसरीवर: 'हलणं पूर्ण थांबलं की बाहेर मोकळ्या जागी या.' तिसरीवर: 'जड वस्तू आजच खाली उतरवून ठेवा.' तीन मथळे एकापाठोपाठ वाचले तरी सगळी सूचना कळते. बोलणाऱ्याच्या तोंडी असलेलं 'थांबल्यावर' आता कागदावर आलं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. बुलेट काढायचे याचा अर्थ शब्द काढायचे असा नाही. जिथे बोलणारं कोणी नाही, तिथे शब्दांशिवाय चित्राचे दहा अर्थ निघतात. वाचता येणाऱ्याला वाक्य अर्थ पक्का करून देतं, न वाचणाऱ्याला चित्र. घरातली शाळेत जाणारी मुलगी आजीला वाक्य वाचून दाखवते, आजी चित्र बघते आणि दोन्ही जुळतात.

टेबल नसलेल्या घरात टेबलाखाली कसं बसायचं?

आता चित्र. इंटरनेटवर भूकंपाचे आयकॉन शोधले की एक आकृती हमखास येते: टेबलाखाली गुडघ्यांवर बसून टेबलाचा पाय धरलेला माणूस. जगभर ही वापरली जाते. शाळेच्या वर्गात बाकं असतात, त्यामुळे तिथे ती चालेल. पण डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर कारवीच्या काड्यांचे कूड आणि त्यावर मातीचा लेप अशा भिंतींची घरं आहेत, विटांची घरकुलंही आहेत, आणि यातल्या बऱ्याच घरांत जेवायचं टेबल नसतं. तिथे हे चित्र बघणाऱ्याला वाटेल की ही शाळेतली किंवा शहरातली गोष्ट आहे, आपल्यासाठी नाही.

म्हणून पहिल्या स्लाइडवर एकाऐवजी तीन चौकटी लागतात, कारण इथला संबंध 'कुठे असाल त्याप्रमाणे' असा आहे. पहिल्या चौकटीत वर्ग: मुलगी बाकाखाली, एका हाताने बाकाचा पाय धरलेला. दुसऱ्या चौकटीत घर: बाई आतल्या भिंतीजवळ, फळीवरच्या भांड्यांपासून लांब, खाली बसलेली, घडी केलेली गोधडी डोक्यावर धरलेली. तिसऱ्या चौकटीत बाहेर: माणूस विजेच्या तारा, झाड आणि भिंत या सगळ्यांपासून लांब, उघड्यावर खाली बसलेला. प्रत्येक चौकटीखाली एकच शब्द: शाळेत, घरात, बाहेर.

दुसरी चौकट काढताना एक खरा प्रश्न समोर येतो. मातीच्या, जड छपराच्या घरात तळमजल्यावर दार अगदी दोन पावलांवर असेल आणि बाहेर मोकळी जागा असेल, तर बाहेर पडणं बरं, असं मार्गदर्शन काही तज्ज्ञ संस्था देतात. पक्क्या घरात मात्र आतच थांबा असं सांगितलं जातं. चित्र काढणाऱ्याने हे स्वतःच्या मनाने ठरवायचं नाही. जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडून ते आधी विचारून घ्यायचं आणि दोन्ही गोष्टी सांगायच्या असतील तर दोन घरं वेगळी दाखवायची. यादीतल्या 'सुरक्षित जागी' या शब्दांमागे हा प्रश्न लपून राहिला होता.

फुली, बाण आणि हलण्याच्या रेषा

चित्रांतल्या काही खुणा आपल्याला इतक्या सवयीच्या आहेत की त्या शिकाव्या लागतात हेच आपण विसरतो. तीन खुणा हमखास फसवतात.

पहिली म्हणजे फुली. पळणाऱ्या माणसाचं चित्र काढून त्यावर लाल फुली मारली, की आपल्याला कळतं 'पळू नका'. पण लांबून, छोट्या मोबाइलवर किंवा काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर फुली फिकी पडते आणि पळणारा माणूस तेवढा दिसतो. लाल-हिरवा रंग झेरॉक्समध्ये उरतच नाही. म्हणून 'काय करू नये' यापेक्षा 'काय करावं' हेच मोठं दाखवा. नकार दाखवलाच पाहिजे असेल तर चूक चित्र लहान आणि बरोबर चित्र मोठं ठेवा आणि 'नाही' हा शब्द लिहा.

दुसरी खूण बाण. तो कधी 'इकडे जा' सांगतो, कधी 'यानंतर हे' सांगतो, कधी 'याच्यामुळे ते झालं' सांगतो. एकाच स्लाइडवर दोन अर्थांचे बाण आले की गोंधळ होतो. क्रम दाखवायचा असेल तर १, २, ३ असे मोठे आकडे द्या आणि बाण फक्त चालण्याची दिशा दाखवायला ठेवा. आमच्या दुसऱ्या स्लाइडवर बाण एकच आहे: घराच्या दारातून अंगणापलीकडच्या मोकळ्या शेताकडे.

तिसरी खूण हलण्याच्या वाकड्या रेषा. घराभोवती काढलेल्या लाटांसारख्या रेषा म्हणजे कंप, हे कॉमिक्स वाचणाऱ्याला कळतं. इतरांना त्या दोऱ्या किंवा धूर वाटू शकतात. पण 'हलत असताना' आणि 'थांबल्यावर' हा फरक तर दाखवायलाच हवा. त्यासाठी वस्तूंचा उपयोग करा. पहिल्या स्लाइडवर आढ्याला टांगलेला दिवा तिरका गेलेला, फळीवरून हंडा खाली येताना अधांतरी. दुसरीवर तोच दिवा सरळ, तोच हंडा जमिनीवर पडलेला, दोन कौलं फुटलेली. घर तेच, माणसं तीच. दोन चित्रांत बदललेली गोष्ट एवढीच असल्याने नजर तिच्यावरच जाते.

वारली आकृत्या वापराव्यात का?

डहाणू म्हटलं की हा प्रश्न येणारच. जिव्या सोमा मशे यांनी जगभर नेलेली ही चित्रकला याच तालुक्यातली. टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण म्हणजे माणसाचं धड, वर गोल डोकं, काड्यांसारखे हातपाय. चेहऱ्यावर भाव नसतात, सगळं अंगाच्या ठेवणीतून कळतं. म्हणजे आयकॉनला जे हवं ते या आकृतीत आधीच आहे: थोड्या रेषा आणि स्पष्ट हालचाल.

तरी दोन गोष्टी जपाव्या लागतात. 'सगळे एकत्र मोकळ्या जागी जमा' हे दाखवायला माणसांचं गोल रिंगण काढलं, तर इथल्या बघणाऱ्याला ते तारपा नाचासारखं दिसण्याचीच शक्यता जास्त. तिथे माणसं गोलात न ठेवता घराकडे पाठ करून, विखुरलेली बसलेली दाखवलेली बरी. दुसरं, लग्नात भिंतीवर काढल्या जाणाऱ्या चौकाला धार्मिक अर्थ आहे. स्लाइडला शोभेची किनार म्हणून तो वापरणं म्हणजे एका खुणेचा अर्थ पुसून टाकणं. माणसं, घर, झाड, गुरं या आकृत्या घ्याव्यात, चौक घेऊ नये. शक्य असेल तर हे काम गावातल्याच चित्रकाराला मोबदला देऊन करायला सांगावं.

जे चित्रात जात नाही, ते जाऊ देऊ नका

'अफवांवर विश्वास ठेवू नका' ही ओळ बाजूला ठेवली होती. तिच्यासाठी कानाशी कुजबुजणारी दोन माणसं काढून वर फुली मारता येईल, पण बघणारा त्यातून 'एकमेकांशी बोलू नका' असाही अर्थ काढू शकतो. इथे शब्दच बरे, आणि तेही कृती सांगणारे: 'खात्री करायची असेल तर १०७७ वर फोन करा.' हा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक. रुग्णवाहिकेसाठी १०८, इतर तातडीच्या मदतीसाठी ११२. हे तीन आकडे शेवटच्या स्लाइडवर मोठ्या अक्षरांत द्या, प्रत्येकाशेजारी एक छोटं चित्र ठेवा, बस्स.

शक्यता, कारण आणि कालावधी या गोष्टीही चित्रात नीट मावत नाहीत. 'धक्के पुन्हा बसू शकतात' यातलं 'शकतात' काढून दाखवता येत नाही. अशा गोष्टीसाठी एक साधं वाक्य लिहिणं हाच प्रामाणिक मार्ग आहे.

कळलं की नाही, हे कसं ओळखायचं?

स्लाइड बनवणाऱ्याला ती नेहमीच कळते, कारण त्याला उत्तर आधीच माहीत असतं. म्हणून चाचणी दुसऱ्यांवर घ्यायची, आणि ती घेताना तोंड बंद ठेवायचं.

स्लाइड मोबाइलवर दाखवा. एकच प्रश्न विचारा: "हे चित्र तुम्हाला काय करायला सांगतंय?" 'कळलं का?' असं विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी 'हो' येतं. मदत करू नका, मान हलवू नका. आलेलं उत्तर त्याच शब्दांत लिहून घ्या. विचारताना माणूस ज्या बोलीत बोलतो त्याच बोलीत विचारा. इथे वारली बोलणारे आहेत आणि तलासरीच्या गुजरात सीमेलगतच्या भागात गुजरातीची ये-जाही आहे. वाचता येणाऱ्यांसाठी एकदा आणि मथळा झाकून न वाचणाऱ्यांसाठी एकदा, अशा दोन फेऱ्या घ्या.

किती जणांना कळलं तर पुरे? सुरक्षा चिन्हांच्या अमेरिकी मानकात १०० पैकी किमान ८५ जणांनी बरोबर अर्थ सांगावा आणि धोकादायक उलटा अर्थ काढणारे ५ पेक्षा जास्त नसावेत, असा निकष आहे. आपण वीस जणांना विचारलं, तर सतरा बरोबर आणि उलटं उत्तर फार तर एक. वीस हा आकडा लहान आहे, त्यातून पक्की टक्केवारी निघत नाही, पण ठळक चुका सापडतात.

सगळी चुकीची उत्तरं सारखी नसतात. पहिल्या स्लाइडला कोणी म्हणालं "मुलगी खाली काहीतरी शोधतेय", तर चित्र अस्पष्ट आहे, सुधारा. पण कोणी म्हणालं "घर हलतंय, बाहेर पळा", तर ती स्लाइड एकाही भिंतीवर लावू नका. पहिल्या माणसाला फक्त काही कळलं नाही, दुसऱ्याला स्लाइडने धोक्यात पाठवलं.

पाठवण्याआधी चार तपासण्या

सभेत क्लिक केल्यावर एकेक चित्र येईल असं ॲनिमेशन लावलं असेल, तर पीडीएफमध्ये ती सगळी एकदम, कधी कधी एकमेकांवर दिसतात. त्यामुळे टप्पे वेगळ्या स्लाइडवर ठेवा. बोलणाऱ्यासाठी खाली लिहिलेल्या नोट्स स्लाइडच्या साध्या पीडीएफमध्ये किंवा फोटोत जात नाहीत. तिथे काही महत्त्वाचं उरलं असेल तर ते मथळ्यात आणा. मराठी मजकूर युनिकोडमध्येच ठेवा, जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या फोनवर निरर्थक अक्षरं होऊन उघडतो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली स्लाइड दाबली जाऊन बारीक रेषा पुसट होतात, म्हणून ती डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

शेवटी एक काळी-पांढरी प्रत काढा, ती भिंतीला लावा आणि दहा पावलं मागे जाऊन बघा. सरळ दिवा आणि तिरका दिवा यांतला फरक तिथूनही दिसत असेल, तर ती प्रत आश्रमशाळेच्या भिंतीवर लावायला हरकत नाही.